जुना पीएफ, झोपलेली खाती, विसरलेल्या पॉलिसी: एका जागी आणताना या चुका टाळा

कपाटाच्या वरच्या खणात एक फाइल असते. तीत जुन्या कंपनीच्या पगाराच्या स्लिपा, शेवटची नोंद २०१५ सालची असलेलं पासबुक आणि दोन हप्ते भरून सोडून दिलेल्या पॉलिसीचा बाँड सापडतो. हे सगळं आवरायचं ठरवलं की बहुतेकजण सोपं काम आधी उरकतात. म्हणजे बँकेत जाऊन जुनी खाती बंद करून टाकतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. पीएफ कार्यालयाच्या नोंदीत तेच खातं असतं, विमा कंपनीकडे मुदतपूर्तीची रक्कम जमा करायला तोच नंबर असतो, गॅसची सबसिडीही तिथेच येत असते. तीन महिन्यांनी पीएफचा दावा मंजूर होतो आणि पैसे पाठवल्या जागेहून परत येतात.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी ओळख सारखी करा, मग वापरातलं एक बँक खातं सगळीकडे नोंदवा, मग पीएफ, त्यानंतर पॉलिसी आणि अगदी शेवटी जुनी बँक खाती. खालच्या बहुतेक चुका हा क्रम मोडल्यानेच होतात. यात पीएफचा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा आहे, त्यामुळे जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

एक उदाहरण धरून चालू

समजा, एका बाईंनी जून २००८ ते ऑगस्ट २०१२ भोसरीतल्या एका कारखान्यात काम केलं. ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१६ त्या मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत होत्या. त्या कंपनीचा पीएफ तिच्या स्वतःच्या ट्रस्टकडे होता. मध्ये काही वर्षं घरी राहून जानेवारी २०२० पासून त्या पुण्यात तिसरी नोकरी करताहेत. पगार ४८,००० रुपये. पहिल्या नोकरीच्या वेळी यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच राहणारा पीएफचा नंबर, नव्हताच; तो २०१४ साली आला. दुसऱ्या नोकरीत तो मिळाला, पण तिसऱ्या ठिकाणी रुजू होताना जुना नंबर आठवला नाही आणि नवा काढला गेला. पहिल्या नोंदीत माहेरचं नाव आहे, दुसरीत सासरचं, आणि आधारवर नाव-पतीचं नाव-आडनाव असा क्रम आहे. अशी माणसं दुर्मीळ नाहीत.

चूक पहिली: नाव न जुळवता दावा टाकणे

आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय आहे. पूर्वी कारखान्याच्या टाइम ऑफिसने मस्टरवर जसं लिहिलं तसंच ते पीएफच्या नोंदीत गेलं. आधारवर मात्र आडनाव शेवटी असतं. त्यात जन्मतारखेला शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख असा घोळ असला की ऑनलाइन दावा अडकतो. नाकारल्याच्या शेऱ्यात नुसतं ‘तपशील जुळत नाहीत’ एवढंच लिहिलेलं असतं. तो शेरा वाचून पुन्हा तसाच दावा टाकण्यात अर्थ नाही.

सध्याच्या यूएएनची दुरुस्ती पीएफच्या सदस्य पोर्टलवर `Manage → Joint Declaration` मधून होते. जानेवारी २०२५ पासून हे बरंच सुटसुटीत झालं आहे. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतरचा असेल आणि आधारशी जोडलेला असेल, तर नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख या गोष्टी कागद न जोडता स्वतः बदलता येतात. त्याआधीच्या यूएएनला कंपनीची मान्यता लागते. आपल्या उदाहरणातला २०१४ सालचा यूएएन या दुसऱ्या गटात येतो, म्हणून त्यावरची दुरुस्ती मुंबईच्या कंपनीकडून करून घ्यावी लागेल.

भोसरीचा कारखाना बंद पडला असेल तर? मग संयुक्त घोषणापत्र कागदावर भरून, पीएफच्या नियमांत दिलेल्या अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही घेऊन, तो कारखाना ज्या पीएफ कार्यालयाखाली होता तिथे द्यावं लागतं. सोबत विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र लावा. आधार एकट्याने भागत नाही, कारण माहेरचं नाव आणि आजचं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे दाखवणारा कागद त्यांना हवा असतो.

चूक दुसरी: जुना पीएफ क्रमांक अर्धवट टाकणे

जुन्या स्लिपवर `PU/PUN/12345/678` असं काही लिहिलेलं असतं. पोर्टलला मात्र सलग २२ अक्षरं लागतात. पहिली पाच अक्षरं विभाग आणि कार्यालयाची, पुढचे सात अंक कंपनीचे, तीन अंक शाखेचे आणि शेवटचे सात अंक तुमचे. मोकळ्या जागा शून्यांनी भरायच्या:

```
PUPUN 0012345 000 0000678
PUPUN00123450000000678
```

टाकताना मधली जागा सोडायची नाही. शाखेचा अंक स्लिपवर नसेल तर बहुधा तीन शून्यंच असतात. फार जुन्या स्लिपांवर सुरुवातीची अक्षरं वेगळी असू शकतात, कारण पुढे कार्यालयांची विभागणी झाली. अशा वेळी `epfindia.gov.in` वरच्या `Establishment Search` मध्ये कंपनीचं नाव टाकून आजचा कोड पाहून घ्या. तुमचा शेवटचा क्रमांक मात्र स्लिपवरूनच घ्यायचा, तो अंदाजाने टाकू नका.

स्लिपा हरवल्या असतील तर त्या काळातल्या सहकाऱ्याचा क्रमांक उपयोगी पडतो, कारण कंपनीचा कोड सगळ्यांचा सारखाच असतो. आपला क्रमांक तेवढा मग पीएफ कार्यालयात नाव, वडिलांचं नाव आणि रुजू झाल्याचं वर्ष सांगून शोधावा लागतो.

चूक तिसरी: सोडल्याची तारीख न पाहणे

जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर पैसे पुढे सरकत नाहीत. `View → Service History` उघडा आणि प्रत्येक नोकरीसमोर `DOE EPF` व `DOE EPS`, म्हणजे पीएफ आणि पेन्शन योजना सोडल्याच्या, दोन्ही रकान्यांत तारीख आहे का पाहा. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, असंही होतं. तारीख नसेल तर `Manage → Mark Exit` मधून आधारच्या ओटीपीने ती स्वतः भरता येते. त्यासाठी शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटलेले असावे लागतात आणि तारीख शेवटचा भरणा ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली द्यावी लागते. ही तारीख पुन्हा बदलणं जिकिरीचं असतं, म्हणून पासबुकातली शेवटची नोंद पाहूनच भरा.

चूक चौथी, आणि सर्वांत महाग: पेन्शन विसरणे

पीएफ म्हटलं की लोक शिल्लक बघतात. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, हे ध्यानात राहत नाही. ऑगस्ट २०१४ पर्यंत हा हिशेब जास्तीत जास्त ६,५०० रुपये पगारावर होत असे, म्हणजे महिना ५४१ रुपये. सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५,००० झाली आणि भरणा १,२५० रुपयांवर गेला. या योजनेत पैशांपेक्षा सेवेची वर्षं मोलाची. दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन, नाही भरली तर फक्त एकरकमी परतावा.

आता आपल्या उदाहरणाकडे या. भोसरीची चार वर्षं तीन महिने आणि मुंबईची साडेतीन वर्षं मिळून पावणेआठ वर्षं होतात. पुण्याची नोकरी जानेवारी २०२० पासूनची. डिसेंबर २०२५ अखेर ती सहा वर्षं धरली तर एकूण पावणेचौदा. पेन्शनचा हक्क कधीच पक्का झालेला असायला हवा.

पण इथे एक खड्डा आहे. सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये आला आणि ज्याचा पगार १५,००० च्या वर आहे, त्याला पेन्शन योजना लागू होत नाही. जो आधीपासून सभासद आहे आणि ज्याने पेन्शनचे पैसे काढलेले नाहीत, त्याची मात्र पुढे चालू राहते. म्हणूनच रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये ‘यापूर्वी पेन्शन योजनेचे सभासद होता का’ असा प्रश्न असतो. जुना पीएफ आठवत नाही म्हणून, किंवा एचआरने ‘नाही लिहा, लवकर होईल’ म्हटलं म्हणून, पुष्कळजण तिथे ‘नाही’ वर खूण करतात. आपल्या बाईंनीही तेच केलं असं धरा. मग सहा वर्षं कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच गेला आणि पेन्शनमध्ये काहीच नाही. हक्काची वर्षं पावणेआठवरच थांबली.

हे ओळखायचं कसं? `passbook.epfindia.gov.in` वर पासबुक उघडा. त्यात कर्मचाऱ्याचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन असे तीन रकाने असतात. जुन्या खात्यातून बदली होऊन आलेल्या ओळीत पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसेल. त्याने घाबरून जाऊ नका. पेन्शनचे पैसे बदली होतच नाहीत, फक्त सेवेची वर्षं जोडली जातात. पण दर महिन्याच्या भरण्याच्या ओळीतही पेन्शनसमोर शून्यच असेल, तर तो घोटाळा खरा आहे.

दुरुस्ती सध्याच्या कंपनीमार्फत होते. जुन्या सभासदत्वाचा पुरावा देऊन कंपनीने पीएफ कार्यालयाला कळवायचं आणि पेन्शनचा भाग पीएफमधून व्याजासह पेन्शन खात्यात वळवून घ्यायचा. सहा वर्षांचे ७२ महिने, दरमहा १,२५० प्रमाणे ९०,००० रुपये आणि वर व्याज एवढी शिल्लक तुमच्या पासबुकातून कमी होईल. हे आधीच ठाऊक असलं तर ‘माझे पैसे कुठे गेले’ म्हणून तक्रार करायची वेळ येत नाही.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे बदलीऐवजी पैसे काढणे. भोसरीच्या चार वर्षांसाठी फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढले, तर चार वर्षांचा गुणक ४.१८ आणि पगार ६,५०० धरून साधारण २७,१७० रुपये हाती येतात. त्या बदल्यात जातं काय? पेन्शनचं सूत्र असं आहे:

```
पेन्शन = पेन्शनयोग्य पगार × सेवेची वर्षे ÷ 70
6500 × 4 ÷ 70 = 371 (दरमहा)
```

महिना ३७१ रुपये ही काही डोळे दिपवणारी रक्कम नाही, आणि ज्यांची दहा वर्षं पुढेही सहज भरणार आहेत त्यांनी काढले तर आभाळ कोसळणार नाही. पण हे पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात. दहाच्या उंबरठ्यावर असलेल्याला हे परवडत नाही. शिवाय दोन्ही जुन्या नोकऱ्यांचे पेन्शनचे पैसे काढून घेतल्यावर १५,००० वरच्या पगारावर पुन्हा योजनेत येताच येत नाही.

पीएफची मूळ रक्कम काढण्यातही करभार आहे. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि ती ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन दिला असल्यास १० टक्के टीडीएस कापला जातो. बदली केली तर आधीच्या नोकरीची वर्षं या पाचात धरली जातात.

बदली करताना

`Online Services → One Member – One EPF Account (Transfer Request)` इथे जा. सध्याच्या खात्याचे तपशील दिसतील. खाली जुना सदस्य क्रमांक किंवा जुना यूएएन टाकून `Get Details` दाबा, खातं निवडा, ओटीपी द्या. दोन यूएएन असतील तर जुन्याच्या नोकऱ्या नव्यात आणायच्या. सध्याची नोकरी ज्यात आहे तोच पुढे ठेवायचा. तीन नोकऱ्यांसाठी दोन वेगळे दावे लागतात. एकाच दाव्यात सगळं येईल असं समजू नका, आणि एक निकाली निघाल्यावर दुसरा टाका. दोन नोकऱ्यांच्या तारखा काही दिवस एकमेकींवर चढत असल्या तर पूर्वी दावे सरळ नाकारत. २०२५ साली पीएफ संघटनेने कळवलं आहे की नुसत्या या कारणावरून बदली नाकारायची नाही. तसा शेरा आला तर `epfigms.gov.in` वर तक्रार करा.

मुंबईच्या ट्रस्टची गोष्ट वेगळी. ट्रस्टच्या ताब्यातला पीएफ तुम्हाला सरकारी पासबुकात दिसत नाही, म्हणून खातं रिकामं आहे असं वाटतं. तिथून रक्कम ट्रस्ट पाठवतो आणि सोबत अ‍ॅनेक्शर के नावाचं पत्रक येतं, ज्यात सेवा आणि रकमेचा हिशेब असतो. पेन्शनच्या सेवेची नोंद मात्र पीएफ कार्यालयाकडून यावी लागते. बऱ्याचदा पैसे येतात आणि सेवा मागे राहते. बदली झाल्यावर अ‍ॅनेक्शर के मिळवून तीत साडेतीन वर्षं दिसताहेत का, हे नक्की तपासा. याचा पाठपुरावा आज सोपा आहे. ५८ व्या वर्षी, कंपनीचं नाव बदलून तीनदा विलीनीकरण झाल्यावर, तो सोपा राहणार नाही.

बदली पूर्ण झाली की ई-नॉमिनेशन नव्याने भरा. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर बाद ठरतं, आणि ते आपोआप नवं होत नाही.

पॉलिसी: ‘बुडाली’ असं परस्पर ठरवू नका

जुन्या पारंपरिक पॉलिसीचे तीन वर्षं हप्ते भरले असतील तर ती सहसा बुडत नाही, पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर मुदतीपर्यंत टिकते. दोन लाखांची, वीस वर्षांची पॉलिसी सहा वर्षं भरली असेल तर दोन लाखांचे सहा विसांश, म्हणजे ६०,००० रुपये आणि तोवर जमलेला बोनस मुदतीला मिळतो. तीन वर्षंही भरले नसतील तर बहुधा हाती काही येत नाही. मग त्यासाठी फेऱ्या मारू नका.

पुनरुज्जीवनासाठी शाखेत आग्रह होतो. थकलेले हप्ते, त्यावरचं व्याज आणि कधी वैद्यकीय तपासणी असा तो खर्च असतो. आधी तीन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, पेड-अप ठेवली तर मुदतीला किती, आणि चालू केली तर एकूण भरायचं किती. हे तीन कागदावर आले की निर्णय घरीच होतो.

मुदत संपून गेलेल्या पॉलिसींसाठी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर `Unclaimed Amounts` चा शोध असतो. नाव, जन्मतारीख, पॅन किंवा पॉलिसी क्रमांक टाकून पाहा. दहा वर्षं कुणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण त्यानंतरही २५ वर्षांपर्यंत मागता येते. मागायची विमा कंपनीकडेच. ‘तुमचा बोनस अडकला आहे, फी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या.

शेवटी बँका

दोन वर्षं तुम्ही स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने जमा केलेलं व्याज यात व्यवहार धरत नाहीत. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. शोधायला `udgam.rbi.org.in` आहे. ते मोफत आहे. नावाची स्पेलिंगं बदलून दोन-तीनदा शोधा. ‘Deshpande A V’ आणि ‘Ashok Vasant Deshpande’ त्याला वेगळी माणसं वाटतात. पैसे तिथून मिळत नाहीत. मिळालेला संदर्भ क्रमांक घेऊन त्या बँकेतच जावं लागतं. पतसंस्था ही बँक नव्हे, तिची ठेव इथे दिसणार नाही. तिथे पावती घेऊन संस्थेत, आणि ती बंद असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे जायचं.

१ एप्रिल २०२४ पासून लागू नियमांनुसार निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही आणि ते चालू करायला फीही घेता येत नाही. काउंटरवर पैसे मागितले तर हे सांगा. संयुक्त खातं असेल तर सगळ्या खातेदारांचं केवायसी लागतं.

विलीन झालेल्या बँकांचे आयएफएससी बदलले आहेत. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात गेल्या, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक १ एप्रिल २०२० रोजी युनियन बँकेत. पीएफच्या केवायसीत जुना कोड राहिला असेल तर पैसे परत जातात. म्हणून पोर्टलवर `Manage → KYC` मध्ये आजचं वापरातलं खातं टाकून ते मंजूर झालेलं पाहिल्याशिवाय जुनं बंद करू नका. त्याचबरोबर `myaadhaar.uidai.gov.in` वर `Bank Seeding Status` बघा. सरकारी अनुदान तिथे दिसणाऱ्या बँकेत जातं. ते बंद करणार असाल तर आधी नव्या बँकेत आधार जोडून ती नोंद बदललेली पाहा.

बंद करताना मागच्या वर्षाची विवरणपत्रं आणि खाते बंद झाल्याचं पत्र मागून घ्या, कारण त्यानंतर नेट बँकिंग उघडत नाही आणि त्या वर्षाचं व्याज प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. प्राप्तिकर पोर्टलवर परताव्यासाठी तेच खातं निवडलेलं असेल तर तेही आधी बदला.